दुधी काचेवरची एक ओळ

आमचा धाकटा जन्माला आला तोच म्हातारा होऊन. शाळेत असताना पावसाची शंकासुद्धा नसली तरी दप्तरात छत्री असायची, म्हणून त्याचं नाव पडलं अप्पा. आता तो माझ्याच ऑफिसात मोबाइलच्या ॲपचे पडदे रंगवतो. त्याला इथे चिकटवला मी, त्यामुळे त्याने काही घोळ घातला की सगळ्यांच्या माना आधी माझ्याकडे वळतात.

त्याची एक खोड आहे. चित्र तयार झालं की फोटो, अक्षरं असे एकावर एक ठेवलेले सगळे थर एकत्र दाबून सपाट करायचं आणि मूळ फाइल पुसून टाकायची. एकदा कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर त्याची अक्षरं वेडीवाकडी उमटली होती, तेव्हापासून ही धास्ती. "सपाट चित्राला काही होत नाही, ताई," म्हणतो. काही होत नाही आणि काही करताही येत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरेल तो सुदिन.

या वेळी काम होतं डोळ्यांच्या दवाखान्याचं. पडद्यावर बागेचा फोटो, त्यावर दुधी काचेसारखं एक कार्ड. काचेच्या मागची बाग नुसती अंधुक हिरवी-पिवळी दिसते आणि वर ठसठशीत ओळ: 'तुमची तपासणी बाकी आहे.' दुपारी डॉक्टरीणबाई बघायला येणार होत्या. आधीची दोन कामं अप्पाकडून रखडली होती, त्यामुळे साहेबांनी सरळ सांगून ठेवलं होतं, आज जमलं नाही तर हे काम दुसऱ्याकडे जाईल.

आणि सकाळीच बाईंचा फोन आला. ओळ दरडावल्यासारखी वाटते, ती बदलून 'तपासणीला कधी येताय?' करा.

"एवढंच ना? दोन मिनिटांचं काम," साहेब म्हणाले. अप्पाचा चेहरा पडला. मी काय ते ओळखलं.

"केलंस ना सपाट?"

"केलं."

बागेचा मूळ फोटोसुद्धा या शहाण्याने जागा अडते म्हणून उडवला होता. मला असा संताप आला म्हणून सांगू.

आधी त्याने कार्डावरचाच एक हिरवा रंग उचलून जुन्या अक्षरांवर चौकोन ओढला. काचेवर कुणी चिकटपट्टी लावावी तसं दिसायला लागलं, कारण मागची बाग डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ होती. मग त्याने अख्खं कार्डच आणखी अंधुक केलं. अक्षरं गेली नाहीत, त्यांचा नुसता धूर झाला.

"छान. दवाखान्यात आग लागलेली दिसतेय," मी म्हटलं.

"ताई, तू जरा चहा पिऊन ये."

मी कसली जातेय. खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसले.

मग मात्र तो शांत झाला. अंधुक चित्रात रंग हळूहळू बदलतात, एकदम उडी मारत नाहीत. ओळीच्या वर आणि खाली कार्डाची रिकामी पट्टी होतीच. वरच्या पट्टीचे रंग खालच्या पट्टीच्या रंगांत अलगद मिसळत नेऊन त्याने मधली जागा भरली. अक्षरांची कडसुद्धा शिल्लक ठेवली नाही. तरी ती जागा जरा जास्तच गुळगुळीत दिसत होती, तेव्हा काचेवर होती तशी बारीक रवाळ छटा तिथेही टाकली. आता कार्ड कोरं होतं आणि बाग मागे जशीच्या तशी. नवी ओळ त्याने वेगळ्या थरावर लिहिली. सपाट करायला हात शिवशिवत होता त्याचा, मी चापटच मारली.

डॉक्टरीणबाई आल्या त्या त्यांच्या आईला घेऊन. आजींनी टेबलावर कोपरं टेकवून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"बाग छान आहे गं. पण पुढे काय लिहिलंय ते लागत नाही मला."

साहेबांनी अप्पाकडे पाहिलं. अप्पाने ओळीवर टिचकी मारली आणि अक्षरं मोठी केली, मग आणखी मोठी. ओळ कार्डभर पसरली, पण मागची काच जरासुद्धा हलली नाही, की कुठे डाग दिसला नाही.

आजी पुढे वाकल्या. एकेक अक्षर लावत वाचलं, "तपासणीला... कधी... येताय?" थोडा विचार केला आणि पडद्यालाच म्हणाल्या, "गुरुवारी येते."

डॉक्टरीणबाई आईकडे बघतच राहिल्या. "वर्षभर मी मागे लागलेय," त्या साहेबांना म्हणाल्या. "मला दरवेळी नाही म्हणते."

"तू विचारतेस कुठे? तू सांगतेस," आजी म्हणाल्या.

साहेब हसले आणि पुढचे पडदे कधी देतोस, म्हणून अप्पालाच विचारलं. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण मला रडू येत होतं आणि अप्पाने ते बघितलं असतं तर मला जन्मभर ऐकवलं असतं.