सात दहाचं पाकीट

चौतीस वर्षं बसडेपोत गाड्यांच्या वेळा लिहिलेला माणूस निवृत्त झाला की घरच्यांचं काय होतं, ते ज्याने भोगलंय त्यालाच ठाऊक. टाइमकीपरांना सगळी गल्ली याच नावाने ओळखायची. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी दूधवाल्याकडे चार मिनिटं उशिराचं लेखी कारण मागितलं. दूधवाला तेव्हापासून पिशवी फाटकाला अडकवून पळू लागला.

त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, घरातून जेवणाच्या ऑर्डरी करायच्या. स्वयंपाकघर एवढंसं की दोघं आत उभे राहिले तर तिसऱ्याने श्वास घ्यायला बाहेर जावं. त्यात टाइमकीपर मदतीला आले. कांदा चिरायला दिला तर एकेक फोड शेजारच्या फोडीशी जुळवून बघायचे. तासाभरात दीड कांदा. कुकरपाशी उभं केलं तर प्रत्येक शिट्टीला हात वर करायचे. शेवटी काकूंनी त्यांना गॅलरीतल्या खुर्चीत नेऊन बसवलं. तिथे त्यांनी चार महिने समोरच्या इमारतीतल्या लोकांच्या जाण्या-येण्याच्या वेळा टिपल्या. माणूस अगदी सुकून गेला होता.

मग काकूंनाच दया आली आणि त्यांनी फ्रीझरचा कारभार त्यांच्याकडे सोपवला. कुठलं मटण, कुठले मासे कधी फ्रीझरमधून खाली उतरवायचे, एवढंच काम. टाइमकीपरांनी लगेच वही आखली. वस्तू, वजन, सुटण्याची वेळ, पोचण्याची वेळ, शेरा. काकूंचा नियम साधा होता: गोठलेलं मांस आदल्या दिवशी फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, ताटात ठेवायचं. खालच्याच कप्प्यात, म्हणजे सुटलेलं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकत नाही. तीन महिने एकही चूक झाली नाही. टाइमकीपर पुन्हा शीळ घालू लागले.

आणि मग वाचनालयाची ऑर्डर आली. तीस माणसांचं जेवण, तीन किलो कोंबडी आणि दोन किलो मासे. कोंबडी आदल्या सकाळी वेळेवर खाली उतरली. मासे मात्र रात्री उतरवायचे होते आणि रात्री टाइमकीपर झोपून गेले.

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांनी फ्रीझर उघडला. माशांची दोन्ही पाकिटं तशीच, विटेसारखी. काकूंना सांगितलं तर परत गॅलरी! दोन गाड्या एकदम कधी सोडायच्या नाहीत, ही त्यांची जुनी शिस्त. म्हणून एकच पाकीट त्यांनी उचललं, गॅलरीत वॉशिंग मशीनवर उन्हात ठेवलं, वर वर्तमानपत्र पसरलं आणि समोर टेबलफॅन लावला. मग वहीत इमानदारीने लिहिलं: मासे, एक किलो, सुटले सात दहा.

साडेनऊला काकूंनी फ्रीज उघडला.

"अहो, मासे कुठायत?"

"एक पाकीट... रात्री उतरवायचं राहिलं."

"आणि दुसरं?"

"वाटेत आहे," टाइमकीपर म्हणाले. डेपोत गाडीचा पत्ता नसला की ते हेच सांगायचे.

काकूंना तेव्हा चौकशीला वेळ नव्हता. "बरं, हे तरी पाण्यात घाला. पिशवी घट्ट बांधा, आत पाणी शिरलं नाही पाहिजे. गार पाणी घ्या हं, कोमट नाही. आणि दर अर्ध्या तासाने बदला."

दर अर्ध्या तासाने! हे तर त्यांच्या रक्तातलं काम. ते बादलीपाशी स्टूल टाकून बसले, गळ्यात जुनी शिट्टी. दहाला शिट्टी वाजली, पाणी बदललं. साडेदहाला वाजली तेव्हा मदतीला येऊन भाज्या चिरणारी काकूंची बहीण, म्हणजे टाइमकीपरांची मेहुणी, दचकली आणि तिच्या हातातला भोपळा घरंगळत दारापर्यंत गेला.

"भावजी, मासे वितळतायत की गाव सोडून चाललेत?"

तेवढ्यात फोन आला. वाचनालयाची अर्धी मंडळी भलत्याच बसमध्ये बसून भलत्याच गावी पोचली होती. तीसऐवजी पंधराच ताटं.

काकू भराभर बोलू लागल्या. "कोंबडी फ्रीजमध्येच सुटलीय, अजून गार आहे. अर्धी तशीच परत फ्रीझरमध्ये टाकली तरी चालेल. थोडी कोरडी होईल, पण बिघडणार नाही. हे पाण्यातले मासे मात्र कच्चे परत जायचे नाहीत. ते आत्ताच शिजवते. उरले तर शिजलेले गोठवू. आणि अहो, ते दुसरं पाकीट फ्रीझरमध्येच असेल ना? मग राहू दे तिथेच, हात लावू नका."

टाइमकीपरांना हर्ष झाला. देवच पावला म्हणायचा! नुसतं परत ठेवायचं होतं. ते गॅलरीत पळाले, पंखा बंद केला, वर्तमानपत्र उचललं आणि पाकीट दाबून पाहिलं. मधे अजून कडक होतं, पण कडेला बोट रुतत होतं आणि कड चक्क कोमट होती. दुपारपर्यंत पुन्हा वीट झाली असती आणि कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण गोठवून जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात, हे काकूंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुढच्या आठवड्यात ते कुणाच्यातरी ताटात जागे झाले असते.

फ्रीझरपाशी येऊन त्यांनी वही उघडली. सुटले सात दहा. पोचण्याच्या रकान्यात काय लिहायचं? सात दहा खोडून दहा दहा लिहायला एक क्षण पुरला असता. चौतीस वर्षांत त्यांनी एकदाही खोटी वेळ लिहिली नव्हती, साहेबांचा मेहुणा गाडी चालवत होता तेव्हासुद्धा नाही. त्यांना खरंच रडू येत होतं, एका माशाच्या पाकिटापायी, साठीच्या माणसाला.

ते पाकीट आणि वही घेऊन काकूंपुढे उभे राहिले.

"अगं, हे सात दहापासून बाहेर आहे. उन्हात. पंख्याखाली."

मेहुणीने सुरी खाली ठेवली. "पंख्याखाली? माशाला उकडत होतं का?"

काकूंनी घड्याळ पाहिलं. दहा चाळीस. "साडेतीन तास! अहो, दोन तासांच्या वर बाहेर राहिलेलं मी मांजरालासुद्धा घालत नाही. बाहेरून कोमट, आतून दगड, आणि तुम्ही वर पेपर झाकलात? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" त्या दहा मिनिटं बोलत होत्या. मासे त्यांनी दोन पिशव्यांत गुंडाळून कचऱ्यात टाकले आणि टाइमकीपरांकडून वॉशिंग मशीन साबणाने दोनदा पुसून घेतलं.

टाइमकीपरांनी शेऱ्यात लिहिलं: गाडी रद्द. चूक टाइमकीपरची. मग वही ओट्यावर ठेवली, शिट्टी काढून वहीवर ठेवली, आणि न सांगताच गॅलरीतल्या खुर्चीकडे निघाले.

"कुठे चाललात?" काकू कढईवरून नजर न हलवता म्हणाल्या. "परवा डॉक्टरांकडे चार किलो मटण जायचंय. कधी उतरवायचं?"

"उद्या सकाळी," टाइमकीपर दारातच थबकून म्हणाले. "सहा वाजता. खालच्या कप्प्यात. ताटात."

"मग लिहा की."

त्यांनी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की मेहुणीला वाचता येईना, पण तिने ओट्यावरची शिट्टी उचलून त्यांच्या हातात दिली.