बाळ नसताना घ्यायची गोळी

मेहकरला सोनोग्राफी करायला लागून मला बरीच वर्षं झाली. एक गोष्ट लवकरच कळली, की इथे लोक पडद्याकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघतात. मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे अशी भली मोठी पाटी भिंतीवर आहे. मग बाई तोंडानं सांगत नाही तर तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं, असा सगळ्यांचा हिशेब. मी हसले की मुलगा, गप्प बसले की मुलगी. त्या खोलीत हसायची माझी सवयच गेली.

ती पहिल्यांदा आली तेव्हा तिला पाचवा महिना लागला होता. भाजीपाला पिकवणारं घर, नवरा अबोल, सासू दोघांच्या वाटचं बोलणारी. सासूनं माझ्यासाठी पिशवीभर वांगी आणली होती आणि मी नको म्हटल्यावर ती सरळ टेबलाखाली सरकवून दिली. सुनेवर तिचा जीव होता, हे मला आवर्जून सांगायला हवं. टेबलावर चढताना सुनेचा तोल जाऊ नये म्हणून तिचा हात म्हातारीनंच धरला होता.

मी नेहमी डोक्यापासून सुरुवात करते. बाळाच्या कवटीचा आडवा छेद लंबगोल दिसायला हवा. हिच्या बाळाचं कपाळ दोन्ही बाजूंनी आत चेपलेलं होतं. लिंबाच्या टोकाला असतो तसा निमुळता आकार. आमच्यात त्याला लिंबूच म्हणतात. मी मागच्या बाजूला सरकले. लहान मेंदूचे दोन गोल गड्डे दिसायला हवेत आणि त्यांच्या मागे पाण्याची काळी जागा. तिथे काळी जागा नव्हती. लहान मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकला होता, आणि मोठ्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगलेल्या होत्या.

पाठ अजून मी पाहिलीही नव्हती, पण तिथे काय असणार ते मला कळलं होतं. कणा खाली उघडा असला की मेंदू खाली खेचला जातो, म्हणून पाठीतली चूक आधी डोक्यात दिसते. तरी मी मानेपासून एकेक मणका बघत खाली गेले. वरचे मणके नीट मिटलेले होते. प्रत्येक मणका चांगला दिसला की मला उगीच आशा वाटायची, आणि त्या आशेचा रागही यायचा. कमरेपाशी मणक्याच्या मागच्या कमानी दोन्हीकडे फाकल्या होत्या, वरची कातडीची रेघ तुटली होती आणि तिथून एक पातळ पिशवी बाहेर आली होती. बाळ मजेत हात हलवत होतं. पाय मात्र मला हलताना दिसले नाहीत.

"काऊन बोलून नाही राह्यल्या मॅडम?" सासूनं विचारलं. "पोरगी हाय का?"

मी तिला बाहेर बसायला सांगितलं. त्यानं तिचा समज पक्का झाला असणार.

नवरा-बायकोला मी समोर बसवलं. बाळाचा पाठीचा कणा मिटलेला नाही, पायांत ताकद कमी राहण्याची आणि लघवी-शौचावर ताबा नसण्याची शक्यता आहे, डोक्यातलं पाणी काढायला नळी घालावी लागू शकते. पाठीचं ऑपरेशन जन्मानंतर करता येतं, पण त्यानं गेलेली ताकद परत येत नाही. कित्येक मुलं शिकतात, बुद्धीनं चांगली असतात. आपलं कसं निघेल हे आज कुणीच छातीठोक सांगणार नाही. गर्भ ठेवता येतो, मग बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं. नको असेल तर कायद्यानं गर्भपातही करता येतो. मोठ्या शहरात आणखी एकदा तपासून घ्या, तिथल्या बालशल्यचिकित्सकांशी बोला, आणि मग तुम्ही दोघांनी ठरवा. सुनेनं मला विचारलं, तुमची लेक असती तर काय केलं असतं. असा प्रश्न आला की मी उत्तर देत नाही, कारण मी सांगीन तेच ती करील. हे नियम म्हणून बरोबर आहे. त्या दिवशी मात्र मला स्वतःची लाज वाटली.

त्यांनी दुसरीकडे तपासलं, तिथेही तेच निघालं, आणि त्यांनी गर्भपात करून घेतला. गावात 'पडलं' एवढंच सांगितलं. सासूला मुलानं अर्धंमुर्धं सांगितलं होतं. तिनं त्याचं कारण स्वतःच शोधलं. ग्रहणात सून विळीवर बसली होती.

पुढे दोघं पुन्हा आली तेव्हा मी गोळी समजावली. कणा मिटतो तो गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत, बाईला दिवस गेल्याचं नीट कळायच्या आत. म्हणून फॉलिक ॲसिड आधीपासून हवं. ज्यांना असं बाळ कधी झालं नाही त्यांनाही छोटी गोळी हवी. तुम्हाला मोठी लागेल, पाच मिलिग्रॅमची, दिवस राहायच्या निदान तीन महिने आधीपासून तिसरा महिना सरेपर्यंत. त्यानं धोका पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण जात नाही. न घेताही बहुतेक वेळा पुढचं बाळ चांगलंच निघतं, हेही मी सांगितलं. खरं तेवढं सगळं सांगावं लागतं.

ती परत आली ती नव्या गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात, सासूसोबत. गोळ्या घेतल्या का विचारल्यावर ती खाली बघत राहिली. उत्तर सासूनं दिलं. सुनेच्या साड्यांखाली तिला गोळ्यांची पाकिटं सापडली होती. पोटात काही नाही आणि बाई रोज लपून गोळी खाते, म्हणजे पाळणा लांबवायचीच गोळी, दुसरी कसली असणार? म्हातारीनं ती चुलीत टाकली. सून म्हणाली, होणाऱ्या बाळासाठी आहेत. सासूनं विचारलं, कोणतं बाळ? नवऱ्यानं तोंड उघडलं नाही. त्यानंतर महिन्याभरात दिवस राहिले. ती गोळी बाळाच्या कण्यासाठी होती, हे मी म्हातारीला सांगितलं.

"आता देल्या तं चालन का?" म्हातारीनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"नाही," मी म्हटलं. "ती वेळ गेली."

मी प्रोब पोटावर ठेवला. सून डोळे मिटून पडली होती. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या एका छेदावर टांगलेलं होतं आणि ते तिला माझ्याइतकंच माहीत होतं. डोकं लंबगोल होतं. लहान मेंदूचे दोन गड्डे, मागे काळं पाणी. मी दोनदा पाहिलं. कणा वरपासून खालपर्यंत मिटलेला, कातडीची रेघ अखंड, आणि बाळानं पाय झाडला. चांगलं आहे, असं मी म्हटल्यावर सून हमसून हमसून रडली. मलाही रडू आलं, कबूल करते.

सासू डोळे पुसत बाहेर गेली. दार उघडंच होतं. बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या बायकांना ती सांगत होती, "एक गोळी नाही घेतली माह्या सुनेनं. पहा, कसं सोन्यासारखं हाय लेकरू. हे डॉक्टर लोक उगीच भेव देतात."

मी तरातरा बाहेर गेले. आधीच्या बाळाबद्दल एक वाक्य बोलले असते तर म्हातारी गप्प झाली असती, पण ते वाक्य माझं नव्हतं, सुनेचं होतं. मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती दारात पदर सावरत उभी होती आणि सासूकडे बघत होती.

दिवस राहायच्या आधीपासून गोळी घ्याच, मी सगळ्यांना म्हटलं. "मॅडम म्हणणारच," म्हातारी हसली, आणि बायकाही तिच्याबरोबर हसल्या. बाकाच्या टोकाला एक नवी नवरी होती, मोठ्या जावेसोबत आलेली, हातात हिरवा चुडा. जाऊ तिला म्हणाली, आपल्याला नको हं असलं काही. मुलीनं मान डोलावली.