रविवारच्या दुधाचं फॅट

माझ्याकडे गाय नाही, म्हैस नाही, शेळीसुद्धा नाही. तरी त्या वर्षी दर रविवारी संध्याकाळी मी गावच्या दूध संकलन केंद्रावर किटली घेऊन रांगेत उभी असायचे. बँकेत नोकरी करणाऱ्या, चांगल्या शिकलेल्या बाईला हे शोभतं का, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, अजिबात नाही, पण जरा पुढे सरका, रांग मोडू नका.

कर्जत तालुक्यातल्या त्या गावात माझी बदली झाली होती. भाड्याच्या दोन खोल्या, एक गॅस, एक फ्रीज, आणि मी. लग्न केलं नाही, आई-वडील गेले, भाऊ नाशिकला. सोमवार ते शनिवार माझी चंगळ असायची. काउंटरवर हीऽऽ गर्दी. कुणाचा अंगठा मशीन घेत नाही, कुणाला पासबुक भरून हवंय, एक आजोबा रोज फक्त पैसे जागेवर आहेत का हे बघून जायचे. दिवसभर भांडावं, हसावं, घरी येऊन भाकरी थापावी आणि आडवं व्हावं. एकटेपणा वगैरे शब्द मला शहरी लोकांचे चोचले वाटायचे.

आणि मग रविवार यायचा. सकाळ झकास. उशिरा उठणं, केस धुणं, चादरी धुणं, पोटभर जेवण. त्यानंतर दुपारची झोप, आणि तिथेच घात व्हायचा. पाचच्या सुमाराला जाग यायची तेव्हा क्षणभर सकाळ की संध्याकाळ तेच कळायचं नाही. भिंतीवर पिवळं ऊन, शेजारच्या टीव्हीचा आवाज, आणि छातीत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं. काही झालेलं नसायचं. काही होणारही नसायचं. नवीन काम काढायला उशीर झालेला, स्वयंपाकाला अजून वेळ.

लोक म्हणतात, ही सोमवारची धास्ती. काहीतरीच. मी तर सोमवारची साडी रविवारी दुपारीच इस्त्री करून ठेवायचे, नव्या नवरीसारखी. बरं, एकटी तर मी शनिवारी संध्याकाळीही असायचे, पण तेव्हा पुढे अख्खा रविवार दिसत असायचा. रविवारी पाचला तो संपलेला असायचा, आणि त्यात आपल्याला कुणी शोधलं नाही हे तेवढं उरायचं. फोन उघडावा तर सगळ्यांच्या स्टेटसला हॉटेलातली जेवणं. भावाला लावावा तर तो म्हणायचा, "अगं, बाहेर आलोय सगळे, उद्या बोलू." उद्या मला कशाला बोलायचंय? उद्या मी ठणठणीत असते. सोमवारी काउंटर उघडलं की सगळं असं पळायचं, की आपण काल उगाच रडलो असं वाटून मला माझाच राग यायचा.

एका रविवारी मात्र खोलीत बसवेना. पण गावात बाई नुसती बाहेर पडत नाही. कुठं निघालात, याला उत्तर लागतं. मी किटलीत सकाळचं रतिबाचं दूध घेतलं आणि निघाले. दूध केंद्राला रविवार नसतो, कारण म्हशीला नसतो. तिथे दिवे लागलेले, बायका-पुरुषांची रांग, कॅनचा खणखणाट. मला इतकं बरं वाटलं की मी सरळ रांगेत घुसले.

दूध मोजणारे मिशीवाले काका म्हणाले, "मॅडम, तुमी कधी म्हस घेतली?"

"नाही हो. जरा फॅट बघायचं होतं."

त्यांनी नमुना मशीनला लावला. आकडा उत्तम आला. रांगेतल्या बायकांनी मला वैरणीपासून जावयापर्यंत सगळं सांगितलं, आणि मी उड्या मारत घरी आले. मग दर रविवारी तेच. मी मूर्ख, मला वाटायचं की माझी फसवणूक कुणाला कळत नाही. कळत होतं, पण भलतंच. गावात बोलणं चाललं होतं की मॅडमला रतिबावर संशय आहे.

रतीब घालणारी होती एक मावशी, पन्नाशीची, विधवा, एका म्हशीची मालकीण आणि जिभेची तलवार. तिच्या दुधाला गावात कुणी नाव ठेवलेलं नव्हतं. आणि एका रविवारी मी काय करावं? घरात उरलेलं दूध तापवलेलं होतं, साय मी दुपारीच साखर घालून मटकावली होती. तेच नेलं. मशीनवर फॅट आलं दोनच्या खाली. काकांनी आकडा सवयीने मोठ्याने वाचला. म्हशीच्या दुधाला दोन म्हणजे सरळ पाण्याचा संशय, रांगेत सणच. मी घरी पोचेपर्यंत बातमी मावशीकडे पोचली होती.

ती दारात उभी राहिली, हातात भरलेली किटली. "चला मॅडम केंद्रावर. समद्यांम्होरं बघू."

मी सायीचं सांगत होते, पण ऐकतंय कोण. ती पुढे, मी मागे, रस्त्यावरची माणसं आमच्या मागे. केंद्रावर तिचं ताजं दूध लागलं. साडेसहाच्या वर फॅट. रांगेने माना डोलावल्या. मावशी माझ्याकडे वळली.

"साय तुमी खाल्ली, ते कळलं मला. पन दर रईवारी दूध तपासायला आनता कशाला? माझ्यावर भरवसा न्हाई का?"

सगळे थांबले. मिशीवाल्या काकांचा मापाचा हातसुद्धा. मी काहीही थाप मारू शकले असते. पण त्या बाईचं नाव माझ्यापायी खराब होत होतं, आणि दुसरं काही सुचेना.

"मावशी, दुधात काही नाही. मला रविवारी संध्याकाळी घरात भीती वाटते. म्हणून येते."

बोलून झालं आणि मला वेड्यासारखं हसू सुटलं. आधी मी, मग काका, मग अख्खी रांग. एक बाई तर कॅनवर बसूनच हसली. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं आहे हे तपासायला तिथं मशीन नव्हतं. मावशी मात्र हसली नाही. तिने आपली किटली उचलली आणि म्हणाली, "चला, सोडते घरापत्तोर."

वाटेत तिने किटली दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "माझी पोरं पुन्याला. शनिवारी येत्यात, रईवारी चारच्या गाडीनं जात्यात. नातवंडांची ताटं तशीच पडल्याली असत्यात. उचलाय हात हुत न्हाई. तेवढ्यात म्हस वरडती, मंग उठावंच लागतं."

"तुमचं बरं आहे," मी म्हटलं.

"काय बरं? गाभन हाय ती. पुढच्या महिन्यात दूध आटंल, मंग धारंसाठी वरडायची न्हाई." ती माझ्या दारापाशी थांबली. तोपर्यंत मला ती अहोजाहो करायची. "मंग रईवारी मी कुठं जायाचं गं?"

"माझ्याकडे."

"तुझ्याकडं काय हाय?"

"काहीच नाही."

"मंग येते," ती म्हणाली.