वन्संच्या फोनवर आलेला कोड

“आधी सांग, मला घराबाहेर का काढलंस?”

“वन्सं, पाया पडते, आधी कोड सांगा! दहा मिनिटांत बाद होतो तो!”

“एक बाद झाला. दुसरा येईल. मी कुठे पळून चाललेय?”

रुग्णालयाच्या विमा खिडकीपुढे दोघी भांडत होत्या. वन्सं आणि त्यांची भावजय. भावजय शिवणकाम करते; सगळी गल्ली तिला टीपबाई म्हणते. तिने मारलेली टीप उसवत नाही, कापड फाटेल एक वेळ. आत तिचा नवरा होता. हृदयाची रक्तवाहिनी बंद, इंजेक्शनच्या गुंगीत, आणि विम्याच्या पोर्टलचा पासवर्ड त्याच्याच डोक्यात.

खिडकीतल्या मुलीला त्याच्या नावाचं कार्ड हवं होतं. ते पोर्टलवर. त्याशिवाय मंजुरीचा अर्ज जाईना. ‘पासवर्ड विसरलात?’वर पॉलिसी क्रमांक जुळला, जन्मतारीख जुळली. कोड मात्र नोंदवलेल्या मोबाइलवर, शेवटचे आकडे सत्तेचाळीस. तो वन्संचा. पॉलिसी काढली तेव्हा घरात स्मार्टफोन एकच होता.

“कस्टमर केअरला विचारलं,” मुलगी म्हणाली. “कागद देऊन नंबर बदलायला दोन दिवस लागतील.”

“दोन दिवस!” टीपबाईचा आवाज चिरकला. “वन्सं, दुसरं मशीन ठेवायला जागा हवी होती, म्हणून तुमची खाट उचलली. चुकलं माझं! आता तरी सांगा!”

“खाट उचललीस. मला थांबवलं नाहीस.” वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला. “हप्त्याचा मेसेज येतो मला दर वर्षी. बाळ्या माझा सख्खा भाऊ, त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते मला विमा कंपनीने कळवलं. तू नाही.”

टीपबाईने पदर तोंडाशी धरला.

मुलीने पुन्हा कोड मागवला, तसा वन्संचा फोन वाजला. वन्संनी तो नाकाशी धरला आणि बाजारात भाव सांगावा तसे सहा आकडे सांगितले.

पान उघडलं. नवा पासवर्ड झाला, कार्ड छापलं, अर्ज गेला. टीपबाई भिंतीला टेकून खाली बसली.

“नंबरही बदलून टाकू?” मुलीने विचारलं. “पुढचे मेसेज तुम्हालाच येतील. फक्त जुन्या नंबरवर अजून एक कोड येईल.”

“बदला, बदला. पुन्हा ही वेळ नको.” टीपबाई बोलून गेली.

फोन पुन्हा वाजला. वन्सं स्क्रीनकडे बघत राहिल्या. मग सहा आकडे सांगितले. या वेळी हळू, एकेक करून.

टीपबाईने वर पाहिलं. आपण काय मागून बसलो, ते आता तिच्या ध्यानात आलं. “वन्सं... मशीन हलवते मी. घरी येता ना?”

वन्संनी फोन पिशवीत टाकला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि जिन्याकडे निघून गेल्या.