डागणीची सळई

माझी आत्या भागूबाई देवमाणूस होती, असं आता मुकुंदवाडीत सगळे म्हणतात. मेलेल्या माणसाला देव करायला काही पैसे पडत नाहीत. मी तिचा सख्खा भाचा, रामकिसन. शहरात गुलमंडीत कापडाच्या दुकानात नोकरीला होतो आणि राहायला तिच्या शेजारीच. म्हणून सांगतो, आत्या देवमाणूस नव्हती. ती सूड उगवणारी बाई होती, आणि मला ती तशीच आवडायची.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षं झाली होती. मुकुंदवाडी तेव्हा औरंगाबादच्या बाहेरचं खेडं होतं. आत्या विधवा, पदरात एकच लेक, गया. गया वयानं वीस, समजेनं दोन वर्षांची. बोलता यायचं नाही. भूक लागली की पोटावर हात मारायची, आणि कुणी रडताना दिसलं की त्याच्या शेजारी जाऊन बसायची. बस, एवढंच तिचं जग.

आत्याच्या शेताला बांध लागून पुंजारामचं शेत. हा गावचा डागणारा. बैलाचा खांदा सुजला, गाईचं पोट फुगलं, माणसाची कंबर धरली, सगळ्यावर त्याचा एकच इलाज, तापलेली सळई. हातभर लांब, टोकाशी वाकवलेली, धरायला लाकडी मूठ. लोक त्याला मानायचे, कारण त्याचा हात थरथरत नसे.

एक दिवस पुंजारामनं दूध काढायला गाय एकीकडं बांधली आणि वासरू दुसरीकडं. वासरू हंबरून हंबरून बेजार. गया तिथं गेली आणि तिनं त्याचं दावं सोडलं. वासरू सगळं दूध पिऊन मोकळं झालं. पुंजारामनं गयाला धरलं, चुलीत सळई तापवली आणि तिच्या पोटरीवर ठेवली. पुन्हा यायचं नाही याची याद राहावी म्हणून.

आत्या पंचांकडं गेली. मारुतीच्या पारावर नानासाहेब बसले. गावचे जुने जमीनदार, पूर्वीपासून निवाडा त्यांचाच चालायचा. पुंजाराम जरासुद्धा डगमगला नाही.

"तिला काय कळतंय, नानासाहेब? बोलता येत नाय, बरं-वाईट समजत नाय. जनावरासारखीच हाय ती. मी रोज जनावरं डागतो, मला कुणी पारावर बोलावलं का?"

आत्या म्हणाली, "कळत नाय तिला. पण दुखतं. डाग दिल्यावर कळण्याचा काय संबंध? दुखण्याचा हाय."

"मग बैलालाबी दुखतं म्हण की."

"दुखतंच!"

पारावरचे सगळे हसले. नानासाहेबही हसले. "भागूबाई, पोटच्या पोरीची बरोबरी बैलाशी करतीस?"

"बरोबरी कुठं केली? बैलाला साळंत घाला म्हणते का मी? मत द्यायला न्या म्हणते का? त्याला ते काय करायचंय! पण लोखंड दोघांना सारखंच भाजतं."

निवाडा झाला तो असा: जिला समज नाही तिचा अपमान होत नाही, सबब गुन्हा नाही. पुंजारामनं मारुतीला नारळ फोडावा. त्यानं फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. आत्याच्याही हातावर ठेवलं. ती आधी त्याला पुंजारामभाऊ म्हणायची. त्या दिवसापासून नुसतं पुंजाराम.

तिला दुसरं काही नको होतं. तो निवाडा तिला फिरवून हवा होता, त्याच तोंडांनी, आणि पुंजाराम जिवंत असताना. मला मात्र एवढा दम नव्हता. मला पुंजारामचं काहीतरी जळलेलं बघायचं होतं.

ती संधी आली. पुंजारामच्या घरचे सगळे दौलताबादला लग्नाला गेले होते. त्याचा लाडका बैल लाल्या दावं तोडून आमच्या ज्वारीत घुसला. तांबडा, भरल्या अंगाचा, गावभर त्याचं कौतुक. मी त्याला धरून आत्याच्या बाभळीला जखडला आणि पुंजारामच्याच गोठ्यातून सळई आणून निखाऱ्यांच्या आरावर ठेवली. लाल झाल्यावर आत्याच्या हातात दिली.

"पोटरीवर दे. जिथं गयाला दिला तिथंच."

आत्यानं सळई घेतली. हात तिचाही थरथरत नव्हता. ती बैलाच्या मागं गेली, आणि अजून सळई वीतभर लांब असतानाच लाल्यानं अंग चोरलं. पुठ्ठ्यावरचं कातडं लहरलं. डोळा मागं वळून पांढरा झाला. तेव्हा मला दिसलं की त्याच्या खांद्यावर जुना डाग होता, पुंजारामच्याच हातचा.

आत्या थांबली.

"अगं, बघतीस काय?" मी म्हणालो. "ह्याला काय कळतंय!"

माझ्या तोंडून वाक्य गेलं आणि आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, आता सळई मलाच लागते की काय. मीही मग इरेला पेटलो.

"अंग चोरलं म्हणजे दुखतंच असं हाय का? लाजाळूबी पानं मिटतं."

"लाजाळू हात लावल्यावर मिटतं. उद्या लांबून हात बघून मिटत नाय. ह्याला मागचं भाजणं याद हाय. अजून लागलंबी नाय आन् हा आधीच भ्यायलाय. डाग दिल्यावर चार दिवस हा वैरण सोडतो, जखम चाटतो, त्या अंगावर बसत नाय. गयानं दुसरं काय केलं होतं?"

"मग जत्रेत कोंबडी कापतीस ती?"

आत्याला हे लागलं. "तिलाबी दुखतं," ती म्हणाली. "मी खाते. खाते म्हणून तिला दुखत नाय असं म्हणू का?"

"पण हा पुंजारामचा बैल हाय! त्याचा जीव ह्याच्यावर हाय!"

"बैल पुंजारामचा. पण बैलाचं दुखणं पुंजारामचं नाय, ते बैलाचंच. पुंजारामला नुसतं वाईट वाटंल. भाजंल ह्याला. मग मी म्हणायचं, ह्याचं काय मोजायचं, जनावर तर हाय. आन् तसं म्हणाले की पारावरचा निवाडा खरा ठरला, रामकिसन. मीच खरा केला."

तिनं सळई हौदात बुडवली. चर्र आवाज झाला, तशी घरातून गया धावत आली आणि स्वतःची पोटरी दोन्ही हातांनी घट्ट धरून वाकली, तोंडातून नुसता घोगरा आवाज. मग लाल्याच्या पायाशी जाऊन बसली. आत्यानं बैल सोडला, गयाला हाताला धरून घरात नेलं आणि मला म्हणाली, सळई जिथून आणलीस तिथं ठेवून ये. मी ठेवून आलो, पण इतका चिडलो होतो की आठवडाभर तिच्याशी बोललो नाही.

त्यानंतर कोंबडी खाताना ती माझ्याकडं बघायची नाही. पुढं ती खायचीच बंद झाली. कारण कधी सांगितलं नाही.

काही वर्षं गेली आणि पुंजारामच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी, तोंड वाकडं, वाचा गेली. खोटं कशाला बोलू, मला ऐकून बरं वाटलं. त्याचा मोठा मुलगा कडूबा, त्यानं दौलताबादहून एक डागणारा बोलावला. वारं गेलेल्याला टाचेवर आणि कपाळावर डाग देतात, तसा रिवाज होता. सळई बाहेरची नको, घरचीच आहे की. गाव जमलं. नानासाहेबांना खुर्ची दिली. आत्या गयाला घेऊन उंबऱ्याशी उभी राहिली.

सळई लाल झाली. "ह्याला आता काहीच कळत नाय," डागणारा म्हणाला, "पाय धरा नीट." सळई जवळ येताच पुंजारामनं चांगला पाय ओढून घेतला. घशातून आवाज आला. चांगल्या डोळ्यातून पाणी गळायला लागलं.

"थांबा," कडूबा म्हणाला. "बाला दुखंल."

"काहून थांबायचं?" आत्या उंबऱ्यातून म्हणाली. "त्याला बोलता येतं का? समज हाय का?"

"माय, अगं बघ की, पाय चोरतोय!" कडूबा म्हणाला.

"लाजाळूबी चोरतं."

"सळई लागायच्या आधी चोरतोय! भ्यायलाय तो! डोळ्यात पाणी हाय त्याच्या!"

"मग कडूबा, ज्याला बोलता येत नाय त्यालाबी दुखतं म्हण."

"दुखतं! दुखतं, माय!"

"तू नाय. नानासाहेब म्हणू दे." आत्या त्यांच्याकडं वळली. "निवाडा तुमचा हाय. ज्याला समज नाय त्याला डागलं तर गुन्हा नाय. चालू द्या मग. मी नारळ आणते."

सळईचा लाल रंग काळवंडायला लागला. डागणाऱ्यानं ती परत आरात खुपसली आणि पुंजाराम पुन्हा घशातून ओरडला. त्याची नजर सळईवरून हलत नव्हती. नानासाहेबांनी घाम पुसला.

"त्याला दुखतंय. डाग देऊ नका."

"आन् गयाला?"

"...गयालाबी दुखलं. गुन्हा झाला होता. निवाडा चुकला."

"आन् लाल्याला?"

नानासाहेब चिडले. "काय लावलंय बैलाचं!"

"पारावर बैलाच्याच नावानं तुमी हसला होता. बैलाला वगळायचं तर कशावरून वगळता ते सांगा. बोलणं म्हणाल तर ह्याचंबी गेलंय. समज म्हणाल तर डागणाराच म्हणाला ह्याला काय कळत नाय. राहिलं ते एक दुखणं, आन् ते तिघांना हाय."

"लाल्यालाबी," नानासाहेब म्हणाले. "झालं?"

"सळई द्या," आत्या म्हणाली. कडूबानं आरातली सळई ओढून पाण्यात विझवली आणि तिच्या हातात दिली. त्या दिवसापासून मुकुंदवाडीत जनावराला ना माणसाला, कुणालाच डाग बसला नाही. लोक आत्याला देवमाणूस म्हणतात ते इथून.

पुढचं ते सांगत नाहीत. पुंजाराम त्यानंतर दीड वर्ष जगला. आत्या रोज संध्याकाळी त्याच्या घरी जायची. गयाला नेत नसे. घरच्यांना वाटायचं, बिचारी विचारपूस करते. ती खाटेशेजारी बसायची आणि पदराखालून ती सळई काढून मांडीवर ठेवायची. थंडगार सळई. पुंजाराम पाय ओढून घ्यायचा आणि ती जाईपर्यंत तसाच पडून राहायचा.

एकदा मी तिच्याबरोबर गेलो आणि हे बघितलं. मला आनंदच झाला, पण राहवलं नाही म्हणून परतताना विचारलं. "आत्या, तुझ्याच निवाड्यात हे बसत नाय. भीतीबी दुखणंच की. बैल नुसता भ्यायला तरी तू सळई विझवलीस."

"बैलानं माझं काय केलं होतं?"

"पण पुंजारामला दुखतंय."

"दुखतंय ना. गावात मला एकटीलाच पक्कं ठाऊक हाय त्याला किती दुखतं ते. म्हणून तर जाते."

"मग हे चूक हाय."

"व्हय, चूक हाय," आत्या म्हणाली. "दुखायला समज लागत नाय, रामकिसन. चूक करायला लागते. लाल्याला नव्हती, गयाला नाय. पुंजारामला होती, आन् मला हाय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं सळई पदराखाली घेतली आणि निघाली.