लक्ष देऊन बसलेली माणसं

सुदर्शन दारव्ह्याहून पुण्यात आला, तेव्हा घरी सांगून आला होता की कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलोय. यात खोटं काही नव्हतं. नारायण पेठेतल्या सर्जेरावांच्या फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटर होता, आणि दुकानाला कंपनी म्हणू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सुदर्शनचं काम वाढदिवसाच्या फ्लेक्सांचं. भाऊ, दादा, अण्णा यांचे चेहरे उजळायचे, गॉगल चढवायचा आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो कोणी रुसणार नाही अशा बेताने एकाच मापात बसवायचे. पुण्यातली निम्मी गल्ली त्याने गोरी केली होती.

अशा या दुकानात एके दिवशी शेफाली मॅडम आल्या. हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत त्या कार्यक्रमांचं बघायच्या. कंपनीची पहिली मोठी कॉन्फरन्स व्हायची होती. तिच्या निमंत्रणाचा फ्लेक्स गेटवर लागणार होता, आणि तेच चित्र सगळ्यांना ईमेलने जाणार होतं. चित्रात भव्य स्टेज हवं, मोठा स्क्रीन हवा, लायटिंग हवं आणि भरलेला हॉल हवा. अडचण एवढीच, की कार्यक्रम अजून व्हायचा होता. न झालेल्या कार्यक्रमाचा फोटो काढायचा, आणि तो खरा वाटला पाहिजे.

जाताजाता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे डिझायनरची एक जागा आहे. हे जमलं, तर तुझं नाव पुढे करते."

त्यानंतर दोन दिवस सुदर्शनला जेवणात मीठ कमी की जास्त ते कळलं नाही.

पहिलं चित्र त्याने तयार फोटोंच्या सीडीतून केलं. त्यातले प्रेक्षक सोनेरी केसांचे, आणि सगळे एकाच वेळी हसणारे. शेफाली मॅडम बराच वेळ बघत राहिल्या. "हे दातांच्या डॉक्टरांचं संमेलन आहे का?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या खेपेला त्याने चेहऱ्यांची भानगडच नको म्हणून नुसती काळी डोकी लावली. समोर लखलखता स्क्रीन, आणि अंधारात पाठमोरी माणसं. त्यावर मॅडमनी तिकीट कुठे काढायचं एवढंच विचारलं.

सर्जेराव खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. ते बाणेरचे. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या होत्या, त्यामुळे कशाचं टेन्शन घ्यायची त्यांना सवय राहिली नव्हती. "आपल्याकडं माणसं काय कमी हायेत?" म्हणत त्यांनी सभा-सत्कारांच्या फोटोंचा अख्खा खण पुढे केला. सुदर्शनने एकेक फोटो बघितला. हजारो माणसं, पण स्टेजकडे एकही बघत नव्हता. कोणी पाणी पितंय, कोणी कॅमेऱ्याकडे बघून केस सारखे करतंय, आणि पहिल्या रांगेतले तर उघड झोपलेले. आपल्याकडे माणसं जमतात, पण मन लावून एका जागी बघतात ती कधी, असा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला.

उत्तर त्याच्या स्वतःच्या खोलीवर होतं. मामेबहीण नम्रताच्या लग्नाचा अल्बम. फोटोग्राफर स्टेजच्या कोपऱ्यात उभा, मंगलाष्टकं चालू आणि हॉलमधली झाडून सारी माणसं नवरा-नवरीकडे बघतायत. ना पाणी, ना झोप. तिसऱ्या रांगेत त्याची आई, सुशीलाबाई. तिच्या तोंडावर तर असा भाव, की डोळा लवला तर लग्न मोडेल.

त्याने फोटो स्कॅन केला आणि कामाला लागला. नवरा-नवरीला पुसून अगदी त्याच जागी वक्ता उभा केला, कारण तो हातभर जरी सरकला असता तरी दोनशे नजरा त्याला चुकल्या असत्या. मागचा स्क्रीन त्याने सरळ चौकोनी न ठेवता कोनात झुकवला. पांढराशुभ्र न ठेवता किंचित मळवला, कारण खरा स्क्रीन कधी कागदासारखा पांढरा नसतो. लग्नातल्या फ्लॅशने सगळ्यांचे चेहरे पिठासारखे झाले होते. ते गडद करून प्रत्येकाच्या स्क्रीनकडच्या गालावर निळा उजेड सोडला, दुसरा गाल अंधारात ठेवला. मागच्या रांगा आणखी अंधुक केल्या. छतावरच्या दिव्यांचे झोत धुरात दिसावेत तेवढेच पुसट काढले. फेटे गेले, शालू निळ्या उजेडात साधे झाले. चष्म्यांच्या काचांत फ्लॅशचे ठिपके होते, तिथे त्याने एकेक चिमुकला निळा स्क्रीन बसवला. आईच्या चष्म्यातला जरा जास्त मन लावून बसवला. तिला काढायचं त्याच्या मनात आलं होतं. पण तिच्याइतकं लक्ष दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

शेफाली मॅडम या वेळी काही बोलल्या नाहीत, आणि पुण्यात याचा अर्थ उत्तम असा होतो. चित्र दिल्लीहून आलेल्या मोठ्या साहेबांकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सुदर्शनला हिंजवडीला बोलावणं आलं. साहेब चित्रावर बोट ठेवून शांतपणे विचारत होते, की या लोकांना आपण बोलावलंय, की हे संपावर चाललेत? एवढी माणसं मुठी आवळून का बसलीयेत?

सुदर्शनने वाकून बघितलं. हॉलभर छातीशी धरलेल्या उजव्या मुठी. मुठीत अक्षता. लहानपणापासून लग्नाचा हॉल त्याने असाच बघितलेला. मुठी डोळ्यांना खुपल्याच नव्हत्या. शेफाली मॅडमनाही नाही. त्याही अक्षता टाकतच मोठ्या झालेल्या. सॉफ्टवेअर कंपनीच्या गेटवर मात्र तो चक्क युनियनचा फ्लेक्स वाटला असता.

जागा गेली, हे त्याने मनाशी धरलंच. तरी लपवण्यात अर्थ नव्हता. हे लग्न आहे, हातात तांदूळ आहेत, मंत्र संपला की जोडप्यावर टाकायचे असतात, असं त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं.

"आणि तोपर्यंत?" साहेबांनी विचारलं.

"तोपर्यंत मूठ मिटून लक्ष देऊन ऐकायचं. टाकायची वेळ चुकायला नको."

साहेबांनी पुन्हा चित्राकडे बघितलं. चेहरे राहू देत, हातांचं काहीतरी करा, एवढंच म्हणाले. मुठी सोडवणं म्हणजे शेकडो नवी बोटं काढणं. सुदर्शनने तसं न करता पुढच्या रांगांतल्या मुठींत एकेक पेन दिलं, आणि वरच्या टोकांवर निळ्या उजेडाची बारीक रेघ ओढली. मागच्यांच्या मुठी अंधारात बुडवल्या. संपकरी टिपणं घ्यायला लागले.

फ्लेक्स लागला. कॉन्फरन्सच्या दिवशी सुदर्शन हॉलच्या दारातून आत डोकावला. खरा स्क्रीन, खरे दिवे, खरी माणसं. निम्मी मोबाईलमध्ये, काही जेवणाच्या दाराकडे तोंड करून. त्याच्या चित्रातली सभा यांच्यापेक्षा खरी दिसत होती. शेफाली मॅडम त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, की एक तारखेपासून ये. मग हॉलकडे बघत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी यांना तांदूळ वाटू या."

चित्राची एक प्रिंट त्याने दारव्ह्याला पाठवली. आठवड्याने आईचा फोन आला. नोकरीचं तिने आधी ऐकून घेतलं, देवापुढे साखर ठेवली म्हणून सांगितलं, आणि मग मुद्द्यावर आली.

"माह्या हातात पेन कोनं देल्ला रे?"

"म्याच देल्ला."

"अन् अक्षता? त्या कुठी गेल्या?"

साहेबांपुढे खरं काय ते सांगणं सुदर्शनला जमलं होतं, आईपुढे जमेना.

"पडल्या ना आई," तो म्हणाला. "माह्याच डोक्यावर पडल्या."

पलीकडे सुशीलाबाईंनी प्रिंट पुन्हा डोळ्यांजवळ धरली. मग म्हणाल्या, "बरं झालं. पर पेन उलटा धरला हाये मी. लोकं हसतीन. तेवढा सिधा करून घे."