नूतनचे डोळे ठीक आहेत

शिवऱ्याजवळ हायवेला लागून आमचा इंजेक्शन भरण्याचा कारखाना आहे. भरलेली प्रत्येक बाटली बाहेर पडण्याआधी माणसाच्या नजरेखालून जाते. त्यासाठी एका लांब खोलीत बायका दिव्याखाली बसतात. समोर अर्धा पडदा काळा, अर्धा पांढरा. बाटली हळूच गोल फिरवायची, उलटी करायची, आधी काळ्यापुढे धरायची, मग पांढऱ्यापुढे. पांढरा धागा काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. या बायकांना शिकवणं आणि त्यांची परीक्षा घेणं हे माझं काम. तोंडावर मला आरती मॅडम म्हणतात आणि पाठीमागे खडूस, हेही मला माहीत आहे.

नूतन हिर्डोशीची सून. नवरा ज्ञानू कापूरहोळला टायरच्या दुकानात कामाला, म्हणून दोघं तिथंच खोली घेऊन राहतात. सासरी तिला 'दिव्याखालची' म्हणतात आणि हे सांगताना ती पदर उगाचच नीट करते. या नावावर तिचा फार जीव. पूर्वी ती पॅकिंगला खोकी चिकटवत होती. परत खोकी चिकटवायला जायचं म्हटलं तर ती रडली असती.

तिचं कसब डोळ्यांत होतं असं सगळे म्हणत. मला ते पटत नसे. बाटली हलवली की आत बुडबुड्यांची झुंबड उडते. काचेचा कण असलाच तर तो त्या गर्दीत चमकून खाली बसतो आणि बुडबुडे वर जातात. इतकं सारं हलत असताना नको ते सोडून हवं तेवढंच पकडायचं, हे काम मनाचं. कसं जमतं विचारलं तर हसायची.

"मॅडम, बाजारात शंभर म्हशी असल्या तरी आपली वळकू येती न्हवं? तसंच."

पण ती झाली निवडण्याची बाजू. दुसरी बाजू म्हणजे टिकून राहणं आणि ती जास्त दुष्ट. बाटल्या बहुतेक सगळ्या स्वच्छच असतात. काही नाही, काही नाही, काही नाही, असं बघत बसलं की अर्ध्या तासात मनाची पकड सुटायला लागते. डोळे उघडे असतात, हात चालू असतात, वेगही तोच असतो, फक्त समोरचं आत पोचत नाही. म्हणून नियम असा की अर्ध्या तासाने दिव्याखालून उठायचं आणि बदलीच्या बाईला बसवायचं. थोडं लांबवर बघून आलं की पकड परत येते.

मग लावणी आली. डोंगराकडच्या निम्म्या बायका भातासाठी रजेवर गेल्या आणि बदलीला कोणी उरलं नाही. व्यवस्थापक ढमाले साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांच्याही डोक्यावर माल वेळेत काढायचं भूत बसलेलं. अर्ध्या तासाचं उठणं बंद झालं. मी तक्रार केली. "चार दिवसांचा प्रश्न आहे, मॅडम," ते म्हणाले. वर सोनिया नावाची नवी मुलगी नूतनशेजारी बसवून तिला शिकवायचं कामही नूतनवरच टाकलं.

मी काचेपलीकडून बघत होते. नूतन बाटली धरायची, मधेच सोनियाच्या हाताकडे वळायची, "अगं, इतक्या जोरात न्हाई हलवायची, बुडबुडं व्हत्यात," म्हणायची आणि परत आपल्या बाटलीकडे यायची. दोन्ही कामं एका वेळी चाललीत असं ढमाले साहेबांना वाटायचं. प्रत्यक्षात तिचं मन एकीकडून दुसरीकडे उड्या मारत होतं आणि दर उडीत थोडं सांडत होतं. सोनियाकडून परत आल्यावरच्या पहिल्या एकदोन बाटल्या ती नुसत्या हातावेगळ्या करायची.

त्यात साहेबांचा फोन खोलीतल्या भिंतीवर वाजायचा. किती झालं? कर्कश घंटा वाजली की सगळ्यांच्या माना तिकडे. लक्ष तुटायला घंटा पुरते, फोन कोणी उचलावाही लागत नाही. हातातली बाटली बघून झाली होती की बघायची होती, हे त्या क्षणी कोणालाच सांगता येत नाही. नियमाप्रमाणे ती पुन्हा पहिल्यापासून बघायची. सुरुवातीला नूतन बघायची. पुढे पुढे ती बाटली सरळ 'झालेल्या'त, म्हणजे चांगल्या ठरलेल्यांत, जाऊ लागली.

आणि थकवा. रविवारी नूतन हिर्डोशीला गेली, दिवसभर चिखलात वाकून लावणी केली, सोमवारी पहाटेच्या एसटीने थेट कामावर आली. त्या दिवशी एक बाई आली नाही म्हणून तिची पाळीही नूतननेच केली. संध्याकाळी ती चांगल्या बाटल्यासुद्धा बाजूला काढायला लागली. साधा बुडबुडा तिला काच वाटत होता आणि मधल्या काही बाटल्या तर ती कोऱ्या चेहऱ्याने पुढे सरकवत होती. इतके दिवस शाबूत राहिलेली निवडण्याची ताकदही आता निसटत होती.

नेमकी त्याच पाळीच्या शेवटी तिची वार्षिक परीक्षा. ती मुद्दाम थकलेल्या वेळीच घ्यायची असते, कारण माल थकलेल्या वेळीही तपासला जातो. दोष माहीत असलेल्या बाटल्या मी चांगल्यांत मिसळून तिच्यापुढे ठेवल्या. परीक्षा पुढे ढकला म्हणून मी साहेबांना सकाळीच सांगितलं होतं. "तारीख ठरलेली आहे," एवढंच उत्तर मिळालं. काच असलेली बाटली तिने हातात घेतली, फिरवली, काळ्यापुढे धरली, पांढऱ्यापुढे धरली आणि 'झालेल्या'त ठेवली. बोलायची मुभा नव्हती. मी कागदावर फुली मारली.

ती नापास झाली. तिने तपासलेला त्या दिवसाचा माल अडवून पुन्हा तपासायला घेतला. त्यामुळे कोणाला इजा झाली नाही, तेवढंच बरं. अहवालात मी स्पष्ट लिहिलं: विश्रांती बंद, दोन कामं एकत्र, सलग दोन पाळ्या. आधी हे दुरुस्त करा, मग पुन्हा परीक्षा घ्या. साहेबांनी तिला डोळे तपासायला भोरला पाठवलं.

डॉक्टरांनी लिहून दिलं, नजर उत्तम, चष्म्याची गरज नाही. मला हायसं वाटलं. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला.

"बघा. डोळे ठीक आहेत. म्हणजे निष्काळजीपणा."

"साहेब, भोरची तपासणी डोळ्यांची होती, लक्षाची नाही."

"लक्ष द्यायचं का नाही ते माणसाच्या हातात असतं, मॅडम."

मी भांडले. आवाज चढवला. नूतनला पॅकिंगला पाठवायचा हुकूम तरी निघालाच. मला इतका संताप आला होता की त्या दिवशी डबा उघडला नाही. उपयोग शून्य.

जाताना ती माझ्याकडे आली. पायांत अजून लावणीच्या भेगा होत्या. मी तिला सगळं समजावलं: उठू न देणं, सोनिया, फोन, दोन पाळ्या. कोणाचंही लक्ष असंच सुटलं असतं, चूक तुझी नाही. ती मान खाली घालून ऐकत होती.

"मॅडम, तुमी माझ्यासाठी बोलताय, त्ये कळतंय मला," ती म्हणाली. "पर डोळं चांगलं हायेत म्हनून डागदरानीच लिवलंय. मंग म्याच नीट बघितलं न्हाई की."